त्रास मुलाला, वारं आईला: हे कसे समजून घ्यावे?

निरगुडी

माझ्या चुलत भावाला बाविसाव्या वर्षी त्रास सुरू झाला. तो रात्र रात्र जागा राहू लागला, शेजारचे लोक भिंतीला कान लावून आपले विचार ऐकतात असे सांगू लागला, आणि पुढे पुढे त्याने आंघोळ आणि जेवण दोन्ही जवळजवळ सोडले. घरात पहिल्यांदा जे झाले ते बहुतेक घरांत होते तेच होते: देवऋषीचा अंगारा, मग लिंबू-नारळाचा उतारा, मग 'हे बाहेरचं आहे' असा निवाडा. शेवटी कोणाच्या तरी सांगण्यावरून त्याला पश्चिम महाराष्ट्रातल्या महानुभाव पंथाच्या एका मंदिरात नेले आणि काकू त्याच्याबरोबर तिथेच खोली घेऊन सव्वातीन महिने राहिली.

मी त्या काळात दोनदा भेटायला गेलो होतो. संध्याकाळची आरती सुरू झाली की बायकांच्या बाजूला एकेक झाड, म्हणजे अंगात येणारी बाई, घुमू लागे. पहिल्या भेटीत काकू नुसती हात जोडून उभी होती. दुसऱ्या भेटीत मात्र तीच घुमत होती, आणि ज्याला त्रास होता तो माझा भाऊ खांबाला टेकून शांतपणे बसला होता. तिचे केस सुटलेले, डोके गरगर फिरत होते, 'जळतंय, मला जळतंय' असे ती म्हणत होती. पंधरा-वीस मिनिटांनी ती खाली पडली, कोणीतरी पाणी दिले, आणि अर्ध्या तासात ती खोलीवर भाकऱ्या थापत बसलेली होती.

नंतर भावाला शहरातल्या मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले. गोळ्या लागू पडल्या, आता तो एका दुकानात हिशेब लिहितो. पण पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी 'घरात आणखी कोणाला असे काही झाले आहे का' असे विचारले तेव्हा काकूने जे घडले ते प्रामाणिकपणे सांगितले, आणि कागदावर कुटुंबाच्या इतिहासात 'आईलाही मानसिक आजार' अशी नोंद झाली. ते तिला अजून लागलेले आहे. ती म्हणते, 'मला काही झालं नव्हतं, मी त्याचं घेतलं होतं.'

भूत असते की नसते हा माझा प्रश्न नाही. आजारी एक जण असताना अंगात वारं दुसऱ्याच्या येते, याचा वैद्यकीय मानववंशशास्त्रात कोणी विचार केला आहे का, आणि काकू तेव्हा आजारी होती असे म्हणायचे का, एवढेच मला विचारायचे आहे.

ताकभात

आमच्या आजोळी १९७० च्या सुमारास घरावर दगड पडत आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर बिब्ब्याच्या फुल्या उमटत. त्या भानामतीचे मूळ कारण शेवटपर्यंत कळले नाही. येथील जाणकारांनी त्यावरही प्रकाश टाकावा.

रोखठोक

ताकभात, धागालेखकाने शेवटच्या परिच्छेदात प्रश्न मांडला आहे आणि त्यात दगड कुठेही नाहीत.

मूळ प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. हा हिस्टेरिया आहे. दडपलेल्या बायकांना लोकांसमोर ओरडण्याची एकमेव मान्य जागा म्हणजे देऊळ, म्हणून त्या तिथे घुमतात. दुसरे म्हणजे, २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने अंगात येणे हा महाराष्ट्रात गुन्हा ठरवला आहे, त्यामुळे अशा मंदिरांवर कारवाई व्हायला हवी. मुलाचे सव्वातीन महिने फुकट गेले, ही यातली खरी हानी आहे.

कोरा कागद

रोखठोक यांचे शेवटचे वाक्य गंभीर आहे आणि त्याकडे परत यावे लागेल, पण आधी दोन दुरुस्त्या. तो कायदा अंगात येण्याला गुन्हा ठरवत नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरीने किंवा साखळीने बांधणे, मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे, चटके देणे, मूत्र किंवा विष्ठा तोंडात घालणे हे गुन्हे आहेत. आपल्या अंगात दैवी शक्ती आली आहे असे भासवून इतरांना भीती घालणे किंवा फसवणे हाही गुन्हा आहे. आरतीला घुमून नंतर भाकऱ्या करणारी बाई यातल्या कशातही बसत नाही.

दुसरी दुरुस्ती 'दडपलेल्या बायका' या स्पष्टीकरणाची. ते अगदीच चुकीचे नाही, त्याला मोठी परंपरा आहे. आय. एम. लुईस या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये साधारण असेच मांडले होते की ज्यांना उघड बोलता येत नाही ते पिशाचाच्या तोंडून बोलतात, आणि पिशाच्च जे मागते ते घरच्यांना द्यावे लागते. नवऱ्याला जे बायको मागू शकत नाही ते तिच्या अंगातले भूत मागते. पण निरगुडी यांच्या काकूने काय मागितले? काहीच नाही. उलट तिने स्वतःवर घेतले. त्यामुळे तिची कथा त्या चौकटीत मावत नाही.

आता मूळ प्रश्न. याच प्रश्नावर काम झाले आहे आणि तेही महाराष्ट्रातच. व्हिएडा स्कुल्तान्स या संशोधिकेने १९८० च्या दशकात फलटणच्या महानुभाव मंदिरात क्षेत्रकार्य केले. पंथ ज्यांना अवतार मानतो त्या चक्रपाणी प्रभूंचे फलटण हे जन्मस्थान असल्यामुळे पंथात त्या गावाचे महत्त्व मोठे आहे. रुग्णांना घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे तिथे येऊन राहत. स्कुल्तान्स यांच्या लक्षात आले ते नेमके हेच, की आजारी म्हणून आणलेला माणूस आणि वारं येणारा माणूस अनेकदा वेगवेगळे असतात, आणि वारं येणारी बहुधा आई असते. त्या बायकांचे म्हणणे त्यांनी जसेच्या तसे गांभीर्याने घेतले. बायका सांगत होत्या की आम्ही मुलाचा त्रास आमच्याकडे ओढून घेतो. त्यावरून स्कुल्तान्स यांनी अशी मांडणी केली की या कुटुंबांच्या समजुतीत घरातला एकूण त्रास हा जणू ठरावीक मापाचा असतो, नळीने जोडलेल्या दोन भांड्यांतल्या पाण्यासारखा: एकीकडे चढला की दुसरीकडे उतरतो. मुलाचे भांडे रिकामे करायचे तर कोणीतरी आपले भरून घ्यावे लागते, आणि ते कोणी करायचे हे आपल्या घरांत फारसे विचारावे लागत नाही.

थोडक्यात, ज्या वाक्याने काकू दुखावल्या आहेत त्याच वाक्याभोवती एका संशोधिकेने आपला अख्खा सिद्धान्त उभा केला होता.

माणदेशी

मी जन्माने महानुभाव आहे, त्यामुळे थोडे आतले सांगतो, कारण बाहेरून पाहणारे आमची मंदिरे आणि मांत्रिकाचा अड्डा यांत गल्लत करतात.

आमच्याकडे भूत बोलते करून त्याच्याशी सौदा करणारा कोणी नसतो. 'तू कोण, कुठला, काय घेऊन जाशील' असे विचारणारा भगत नाही, बोकड-कोंबडे तर नाहीच नाही. माणसाने येऊन राहायचे, आरतीला आणि पारायणाला बसायचे, मांस-मद्य वर्ज्य करायचे, घरातले इतर देवदेव सोडायचे, आणि चक्रधरस्वामी जिथे बसले तिथल्या ओट्याला किंवा त्यांचा स्पर्श झालेल्या पाषाणाला डोके टेकवायचे. त्या सान्निध्यात बाधेला राहवत नाही, ती तळमळते, अशी श्रद्धा आहे. काकू 'जळतंय' म्हणाल्या ते आमच्या लोकांना अगदी ओळखीचे वाटेल. जळते ते बाधेला, बाईला नव्हे.

आणखी एक गोष्ट. आमच्या तत्त्वज्ञानात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार वेगवेगळे पदार्थ मानतात. देवता म्हणजे परमेश्वर नव्हेत. त्यामुळे इतर हिंदू घरांत एखादीच्या अंगात देवी आली की लोक तिच्या पाया पडतात, तर आमच्या घरात त्याच बाईला 'हिला देवतेचा त्रास आहे' म्हणून मंदिरात आणतात. माझी एक आत्या सासरी पूजनीय होती आणि माहेरी रुग्ण. तिला दोन्हीकडे चहा मात्र वेळेवर मिळत असे.

शेवगा

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी अठरा वर्षे काम करतो. माणदेशी यांच्या आत्याचे उदाहरण मी आता विद्यार्थ्यांना सांगणार आहे, कारण निदानाचा पेच त्यात पूर्ण आला आहे.

रोखठोक यांचा 'हिस्टेरिया' हा शब्द आम्ही कधीच बाजूला ठेवला. सध्याच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात, म्हणजे आयसीडी-११ मध्ये, दुसऱ्या शक्तीने ताबा घेतल्याच्या अवस्थेसाठी वेगळे निदान आहे, परंतु ते देण्यासाठी काही अटी आहेत. ती अवस्था माणसाला नको असताना, त्याच्या इच्छेविरुद्ध यायला हवी, त्याच्या समाजाने मान्य केलेल्या धार्मिक वा सांस्कृतिक आचाराचा ती भाग असता कामा नये, आणि तिच्यामुळे त्याला बराच त्रास किंवा रोजच्या जगण्यात अडथळा व्हायला हवा. काकूंचे वारं आरतीला येई, आरतीनंतर ओसरे, आजूबाजूच्या सगळ्यांना त्याचा अर्थ ठाऊक होता, आणि नंतर स्वयंपाक होत असे. या वर्णनावर मी तरी आजाराचे निदान लिहिणार नाही.

भावाची गोष्ट वेगळी आहे. आवाज, संशय आणि आपले विचार इतरांना ऐकू जातात ही भावना देवळातही होती आणि खोलीवरही, आरतीलाही आणि पहाटे तीन वाजताही. मी नातेवाईकांना नेहमी तीन साध्या गोष्टी विचारतो. हे ठरावीक वेळी आणि जागीच होते की एकटे असतानाही? मधल्या काळात माणूस पूर्ववत होतो का? आणि गेल्या सहा महिन्यांत आंघोळ, झोप, काम, मैत्री यांत उतार आहे का? अंगात येणाऱ्या बाईच्या बाबतीत पहिले उत्तर बहुधा 'ठरावीक वेळी' असे येते आणि दुसरे 'होतो' असे. माझ्या अनुभवात हे तीन प्रश्न पुष्कळदा पुरतात, नेहमी मात्र पुरत नाहीत: अपस्माराचे काही झटके हुबेहूब घुमण्यासारखे दिसतात आणि त्यांना ना आरती लागते ना देऊळ.

त्या नोंदीबद्दल माझे मत असे की डॉक्टरांनी जे ऐकले ते लिहायचे सोडून जे ठरवले ते लिहिले. 'मंदिरात वास्तव्य असताना आईच्या अंगात येत असे, इतर वेळी लक्षणे नाहीत' एवढे लिहिले असते तर ते खरेही झाले असते आणि आनुवंशिकतेचा हिशेबही चुकला नसता.

जास्वंद

वरची चर्चा वाचून बरे वाटले, तरी माझा अनुभव लिहिला नाही तर ती अपुरी राहील.

माझ्या धाकट्या जावेला बाळंतपणानंतर सहाव्या दिवसापासून झोप लागेना. आठव्या दिवशी ती सारखी बोलत होती, मध्येच हसत होती, आणि बाळ बदलले आहे, हे माझे नाही, असे म्हणत होती. घरातल्या मोठ्यांनी एकमुखाने सांगितले की ओली बाळंतीण आहे, जखीण लागली आहे, खिडकी उघडी राहिली होती. चार दिवस धूप, अंगारा आणि दाराशी विळा यांत गेले. बाराव्या दिवशी तिने बाळाला पाण्याच्या टाकीपाशी नेले. सासूबाई मागे होत्या म्हणून अनर्थ टळला. रुग्णालयात दाखल केल्यावर दोन-तीन आठवड्यांत ती पूर्ण सावरली आणि आज ते बाळ चौथीत आहे.

मला सासूबाईंना दोष द्यायचा नाही. त्यांच्या अनुभवातल्या बाळंतिणी अशाच जपल्या गेल्या होत्या. पण स्थानिक स्पष्टीकरणाचा आदर करायचा म्हणजे ते चार दिवसही आदराने बघत बसायचे का? माझ्यापाशी याचे उत्तर नाही.

शेवगा

जास्वंद, बसायचे नाही, आणि इथे मी कोणताही सांस्कृतिक विचार मध्ये आणणार नाही. प्रसूतीनंतरचा असा तीव्र मनोविकार हजार बाळंतिणींत साधारण एक-दोघींना होतो, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत आणि फार झपाट्याने. झोप पूर्ण उडणे, ताशी बदलणारे वागणे आणि बाळाविषयी विचित्र खात्री ही चिन्हे एकत्र दिसली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. अंगारा लावून निघाले तरी माझी हरकत नाही, पण निघावे. ताप, मान ताठ होणे, फिट किंवा शुद्ध हरपत जाणे असेल तर तेही तसेच: मेंदूला सूज आलेली माणसे 'झपाटलेली' म्हणून फिरवली गेल्याचे मी पाहिले आहे.

रोखठोक

कायद्याबाबतची माझी चूक मान्य. पण जास्वंद यांनी जे लिहिले आहे तेच मी पहिल्यापासून सांगतो आहे. तमिळनाडूतल्या एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे आग लागली तेव्हा साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण मेले, कारण त्यांना पळता येत नव्हते. 'स्थानिक समजूत' या गोड शब्दामागे साखळी असते.

कोरा कागद

ती घटना विसरता येणार नाही आणि विसरूही नये. मात्र ती आग तिथल्या दर्ग्यात लागली नव्हती. दर्ग्याच्या आधाराने खासगी माणसांनी चालवलेल्या एका आश्रमवजा निवाऱ्यात लागली होती, जिथे नातेवाईक पैसे देऊन रुग्ण सोडून जात. हा भेद मी दर्ग्याच्या बचावासाठी करत नाही. मंदिर असो वा दर्गा, जिथे कुटुंब सोबत राहते तिथे आणि जिथे कुटुंब सोडून जाते तिथे रुग्णाच्या वाट्याला दोन वेगळी आयुष्ये येतात. साखळी आली की मी रोखठोक यांच्याच बाजूला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही मनोरुग्णाला साखळीने बांधणे कोणत्याही प्रकारे निषिद्ध ठरवले आहे.

पांथस्थ

मी अशा जागा बऱ्याच हिंडलो आहे. गाणगापूरला दुपारच्या आरतीला झाडे खांबांवर चढतात ते पाहिले आहे, आणि उत्तर गुजरातेत उनावा येथील मीरा दातारच्या दर्ग्यातली हाजरीही पाहिली आहे. हाजरी म्हणजे पिशाच्चाने पीराच्या दरबारात हजर होणे. तिथली सारी भाषाच न्यायालयाची असते: पेशी, बयान, फैसला, सुटका. हिंदू आणि मुसलमान दोघेही येतात, आणि मराठी तर हमखास कानांवर पडते.

त्याच दर्ग्यात २००८ च्या सुमारास 'दवा आणि दुआ' या नावाने मानसोपचारतज्ज्ञ बसू लागले आणि मुजावर आपल्याकडे आलेल्यांना तिकडे पाठवू लागले. मला वाटते हा मधला मार्ग उत्तम. शिवाय नुसत्या देवळात राहूनही माणसे औषधाइतकीच बरी होतात, हे बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या डॉक्टरांनीच सिद्ध केले आहे ना?

कोरा कागद

'सिद्ध' हा शब्द त्या अभ्यासाला झेपणार नाही. तो २००२ मध्ये ब्रिटिश वैद्यक नियतकालिकात आला. तमिळनाडूतल्या मुथुस्वामींच्या मंदिरात येऊन राहिलेल्या ३१ मनोरुग्णांची लक्षणे त्यांनी येताना आणि जाताना मोजली. सरासरी मुक्काम सहा आठवड्यांचा होता आणि लक्षणांच्या गुणांकात जवळजवळ २० टक्के घट दिसली. संशोधकांनी स्वतः तिची तुलना काही नव्या औषधांच्या परिणामाशी केली, तिथून तुमचे वाक्य आले असावे. पण तुलनेसाठी मंदिराबाहेरचा दुसरा गट नव्हता. ही माणसे घरीच राहिली असती तर सहा आठवड्यांत कितपत सुधारली असती, हे त्या अभ्यासातून कळत नाही. शिवाय २० टक्के घट म्हणजे ८० टक्के शिल्लक.

मला त्यातला दुसराच तपशील मोलाचा वाटतो. त्या मंदिरात आजारासाठी म्हणून कोणताही खास विधी नव्हता. रुग्ण सोबत्यासह राहत, झाडलोट करत, झाडांना पाणी घालत आणि पूजेला बसत. त्यांना कोणी हाकलत नव्हते आणि दिवसाला एक क्रम होता. संशोधकांनीही गुण त्या आधाराच्या वातावरणाला दिला. निरगुडी यांच्या भावाच्या सव्वातीन महिन्यांकडे याच नजरेने पाहावे असे मला वाटते: त्याचा आजार तिथे बरा झाला नाही, पण तो घरातल्या आरडाओरड्यातून बाहेर पडला.

सावली

मी मनोरुग्णांच्या कुटुंबांबरोबर समाजकार्यकर्ती म्हणून काम करते. त्या पाण्याच्या भांड्यांबद्दल वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे.

स्कुल्तान्स यांचे निरीक्षण खरे आहे, मी ते घराघरांत पाहिले आहे. देऊळ नसले तरी ते दिसते: मुलगा आजारी पडला की आई एक वेळचे जेवण सोडते, उपास वाढवते, चप्पल घालणे सोडते. पण आपण याला 'आईचा त्याग' म्हटले की मागे राहिलेली अर्धी गोष्ट कोणी विचारत नाही. आईने त्रास ओढून घ्यावा ही अपेक्षा कुठून येते? तिच्यामुळेच तो आला, या आरोपातून. तिनेच पथ्य मोडले, तिच्याच माहेरचे दैवत मागे लागले, तिचेच लक्ष नव्हते. मग घुमणे ही काही अंशी शिक्षा भोगणेही असते. आणि भांडी नेहमी एकाच दिशेने ओतली जातात. आजारी सून असेल तर तिचे दुखणे अंगावर घेणारी सासू मला अजून भेटायची आहे. तिच्याबरोबर देवळात राहते तीही तिची आईच, नवरा क्वचितच.

निरगुडी, काकूंना वारं का आले हे तुम्ही सगळ्यांना विचारता आहात. काकूंना विचारले का?

निरगुडी

सावली, खरे सांगायचे तर तोवर विचारले नव्हते. काल रविवारी विचारले. आर्थर क्लाइनमन या मानसोपचारतज्ज्ञाने रुग्णाचे स्वतःचे स्पष्टीकरण समजून घेण्यासाठी काही प्रश्न सुचवले होते असे वाचनात आले होते: या दुखण्याला तुम्ही काय म्हणता, ते तेव्हाच का सुरू झाले, त्याने नेमके काय बिघडवले, आणि तुम्हाला सर्वांत जास्त भीती कशाची वाटते. शेंगा निवडता निवडता मी ते माझ्या शब्दांत विचारले. काकूने जे सांगितले ते तिच्या परवानगीने लिहितो.

ती म्हणाली की पहिले तीन आठवडे तिला काहीच झाले नाही. शेजारच्या खोलीत एक बाई होती, तिचा मुलगा आमच्या भावासारखाच. त्या बाईने सांगितले की देवाला म्हण, त्याचं मला दे, तरुण पोर आहे, माझं काय राहिलंय. काकूने त्या रात्री तसे म्हटले. दुसऱ्या दिवशी आरतीच्या वेळी छातीत गरम झाले आणि पुढचे तिला आठवत नाही. मी विचारले, वारं येऊन गेल्यावर कसे वाटायचे? ती म्हणाली, 'अंग दुखायचं, पण रात्री झोप लागायची. त्याच्या आधी सहा महिने मला झोप नव्हती.'

मग भीतीबद्दल विचारले तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली. तिला भुताची भीती नव्हती. तिला भीती होती की तो बरा झालाच नाही तर लोक म्हणतील, आईने मनापासून मागितलं नाही.

आणखी एक गोष्ट मला माहीतच नव्हती. भावाला डॉक्टरांकडे न्यायचे ठरवले ते तिनेच. वारं यायला लागून दोन महिने झाले तरी तो रात्री भिंतीशी बोलत होता. तेव्हा तिने काकांना सांगितले, 'जे बाहेरचं होतं ते मी घेतलं. आता जे उरलंय ते डॉक्टरचं आहे.' म्हणजे देवळातून दवाखान्यात जाताना तिने पहिले स्पष्टीकरण टाकून दुसरे घेतले नाही. तिने दुखण्याचीच वाटणी केली.

माणदेशी

हे आमच्याकडे पुष्कळांच्या तोंडी असते. बाधा गेली की मग औषध लागू पडते, बाधा असेतो औषध अंगी लागत नाही. काकूंनी जे केले ते आमच्या रीतीला धरूनच झाले.

शेवगा

माझ्याकडे येणाऱ्यांपैकी अनेक जण याच वाक्याच्या आधाराने येतात, आणि मी ते खोडत बसत नाही. फक्त एक धोका सांगून ठेवतो. पुढे कधी भावाची लक्षणे उलटली तर 'बाधा परत आली, म्हणून औषध चालत नाही' असा अर्थ लागून गोळ्या बंद होऊ शकतात. उलटण्याचे कारण पुष्कळदा गोळ्या परस्पर सोडणे हेच असते. काकूंनी केलेल्या वाटणीत गोळ्यांचा वाटा कायमचा आहे, एवढे त्यांच्याशी त्यांच्याच भाषेत बोलून ठेवा.

सावली

आणि त्या सहा महिने झोपल्या नव्हत्या, हे वाक्य नजरेतून निसटू देऊ नका. डॉक्टरांनी त्यांच्या नावापुढे मानसिक आजार लिहिला, पण झोप लागते का हे विचारले का?

रोखठोक

मी मांत्रिकांविरुद्ध वीस वर्षे कार्यक्रम करतो आहे आणि करत राहीन. पण अंगात आलेल्या बाईला मंचावर बोलावून तिचे सोंग उघडे पाडायचे, असे आम्ही पूर्वी दोन-तीनदा केले आहे. त्यातली एक जण मुलासाठी आली होती, हे आत्ता आठवले. मुलाचे पुढे काय झाले ते आम्ही कोणीच विचारले नव्हते.

निरगुडी

सावली, तेव्हा कोणी विचारले नव्हते. मी विचारले. आता चार-पाच तास लागते म्हणाली, पण पहाटे भावाच्या खोलीचा दिवा लागला की जाग येते.

शेवगा, येत्या २२ तारखेला भावाची तपासणी आहे. त्या नोंदीखाली तुम्ही सुचवलेले वाक्य लिहावे अशी विनंती डॉक्टरांना करणार आहे. काकूला तसे सांगितले, तर ती म्हणाली की लिहिणारच असतील तर 'येत असे' लिहू नका, पौर्णिमेला अजून जाते आणि अजून येते. हे डॉक्टरांना सांगायचे की नाही, यावर घरात काका एकीकडे आणि आम्ही दोघे दुसरीकडे आहोत.

ताकभात

सांगावे. आमच्या आजोळी कोणी कोणाला काही सांगितले नाही, म्हणून तर त्या फुल्यांचे गूढ पन्नास वर्षे राहिले.